फक्त रिपोर्टचा फोटो पाठवला, तर डॉक्टर काय सांगू शकतात आणि काय नाही?

पावसाळा सुरू झाला की नाशिकमध्ये तापाचे रुग्ण वाढतात आणि त्याबरोबर डॉक्टरांच्या व्हॉट्सॲपवर येणारे रिपोर्टचे फोटोही वाढतात. बऱ्याचदा फोटोखाली एकच ओळ असते: ‘डॉक्टर, जरा बघा ना, काळजीचं आहे का?’ कधी तीही नसते. वय, त्रास, ताप कधीपासून आहे, यातलं काहीच कळवलेलं नसतं. रुग्ण कोण, हेही काही वेळा समजत नाही, कारण फोटो एकाच्या मोबाइलवरून दुसऱ्याकडे आणि तिथून तिसऱ्याकडे आलेला असतो.

डॉक्टरांनी उत्तर दिलं नाही तर घरच्यांना वाटतं, दोन ओळी लिहायला काय जातं? उत्तर दिलं तर त्याच दोन ओळी निदान समजल्या जातात. गेल्या काही वर्षांत या प्रश्नावर न्यायालयाचा एक आदेश आला, डॉक्टरांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचे नियमही आले. यात रुग्णाच्या बाजूनं नेमकं काय समजून घ्यायचं, ते एका उदाहरणावरून पाहू.

एक फोटो, चार आकडे

समजा, सीबीसी म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीचा एक फोटो आला आहे. वरचा भाग कापला गेला आहे आणि खालचाही. मधे चार आकडे दिसतात:

- हिमोग्लोबिन १४.२
- पीसीव्ही ४३
- पांढऱ्या पेशी ३,१०० (शेजारी ‘कमी’ अशी खूण)
- प्लेटलेट १.०२ (शेजारी ‘कमी’ अशी खूण)

यातल्या शब्दांचा अर्थ मी कोणालाही सांगू शकतो, त्यासाठी रुग्ण माहीत असण्याची गरज नाही. हिमोग्लोबिन हे लाल पेशींमधलं प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य. पीसीव्ही म्हणजे रक्ताच्या एकूण आकारमानात लाल पेशींनी किती टक्के जागा व्यापली आहे ते, म्हणजे रक्त किती दाट आहे याचा अंदाज. काही लॅब यालाच हिमॅटोक्रिट म्हणतात. पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात आणि प्लेटलेट रक्त गोठायला मदत करतात.

प्लेटलेटचा आकडा तीन प्रकारे छापला जातो, त्यामुळे अनेक घरांत विनाकारण घबराट होते. एक लॅब १.०२ लिहिते, म्हणजे लाखांत. दुसरी १०२ लिहिते, म्हणजे हजारांत. तिसरी सरळ १,०२,००० लिहिते. तिन्ही आकडे एकच आहेत. काल एका लॅबमध्ये १.४० आणि आज दुसऱ्या लॅबमध्ये १०२ आलं, तर प्लेटलेट कित्येक पटींनी वाढल्या नाहीत, उलट कमी झाल्या. म्हणून आकड्याशेजारचं एकक फोटोत आलंच पाहिजे. मोठ्या माणसात प्लेटलेट साधारण दीड ते साडेचार लाख असतात. म्हणजे इथे त्या कमी आहेत, पण फार कमी नाहीत.

इथपर्यंत मी शब्दांचा अर्थ सांगतोय. यापुढचा प्रश्न असतो, ‘मग हे काळजीचं आहे का?’ त्याचं उत्तर या फोटोत नाही. का नाही, हे समजण्यासाठी हाच फोटो तीन वेगवेगळ्या घरांतून आला असं मानू. ही तिन्ही घरं कल्पनेतली आहेत, पण असे रुग्ण प्रत्येक जनरल प्रॅक्टिसमध्ये येतात.

पहिलं घर: ताप उतरला आणि खरा धोका सुरू झाला

पंचवटीतल्या चाळीस वर्षांच्या एका बाई. चार दिवस जोराचा ताप होता. आज पाचव्या दिवशी सकाळपासून ताप नाही, म्हणून घरचे निश्चिंत आहेत. पण पोट दुखतंय, तीन-चार वेळा उलटी झाली आणि दुपारपासून लघवी झालेली नाही. दोन दिवसांपूर्वीच्या रिपोर्टमध्ये पीसीव्ही ३५.५ होता. आज तो ४३ आहे.

घरच्यांचं सगळं लक्ष प्लेटलेटवर असतं, कारण शेजारी खूण छापलेली आहे. पीसीव्हीसमोर कोणतीही खूण नाही, कारण ४३ हा आकडा लॅबच्या सर्वसाधारण मर्यादेत बसतो. पण या बाईंच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचा आकडा तोच आहे. दोन दिवसांत तो २० टक्क्यांहून जास्त वाढला आहे. डेंग्यूत काही रुग्णांच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात. रक्तातलं पाणी बाहेर जातं, पेशी आतच राहतात आणि रक्त दाट होतं. हे बहुधा ताप उतरत असतानाच होतं, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. पुढे रक्तदाब घसरतो आणि रुग्ण गंभीर होतो.

सततची पोटदुखी, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, खूप सुस्ती किंवा अस्वस्थपणा, थंड पडलेले हातपाय, कमी झालेली लघवी, धाप लागणं ही धोक्याची लक्षणं आहेत. यातलं एकही असेल तर प्लेटलेट एक लाखावर आहेत यात समाधान मानू नये. या बाईंना त्याच संध्याकाळी रुग्णालयात न्यायला हवं. डॉक्टरांकडे आलेल्या फोटोत मात्र ना जुना पीसीव्ही आहे, ना तापाचा दिवस, ना पोटदुखी.

दुसरं घर: माणूस ठणठणीत, गोंधळ नळीतला

सातपूरच्या एका कारखान्यात नोकरीला लागणारा २७ वर्षांचा तरुण. ताप नाही, कुठून रक्तस्राव नाही. नोकरीपूर्वीच्या तपासणीत हा रिपोर्ट आला आणि घरी रडारड सुरू झाली.

त्याच्या रिपोर्टच्या तळाशी एक ओळ आहे: काचपट्टीवर प्लेटलेटचे पुंजके दिसले. सीबीसीचं रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत घेतात. रक्त गोठू नये म्हणून त्या नळीत ईडीटीए नावाचं रसायन असतं. काही लोकांच्या प्लेटलेट या रसायनात एकमेकींना चिकटतात. मशीन पुंजक्यातल्या प्लेटलेट सुट्या मोजू शकत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. शरीरात प्लेटलेट पुरेशा असतात. अशा वेळी सायट्रेट असलेल्या दुसऱ्या नळीत रक्त घेऊन पुन्हा मोजतात आणि पॅथॉलॉजिस्ट काचपट्टी स्वतः पाहून अंदाज देतात. पांढऱ्या पेशी थोड्या कमी आहेत, त्याही त्याच वेळी पुन्हा तपासून घ्याव्यात. एवढं पुरे.

ही तळाची ओळ फोटो काढताना कापली गेली होती. लोकांना आकडे म्हणजेच रिपोर्ट वाटतो, म्हणून खालचा शेरा नेहमी सुटतो.

तिसरं घर: आठवड्याची गोळी रोज

नाशिकरोडच्या ५८ वर्षांच्या आजी. सांधेवातासाठी त्यांना मेथोट्रेक्सेट सुरू आहे. या आजारात ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. औषधांचा डबा भरणारं माणूस बदललं आणि दहा दिवस ती रोज दिली गेली. तोंडात फोड आले आहेत, जेवण जात नाही.

या औषधाचं प्रमाण जास्त झालं की हाडांतल्या मगजात नव्या पेशी तयार होणं मंदावतं. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट आधी घटतात, कारण त्यांचं आयुष्य तासांचं किंवा दिवसांचं असतं. लाल पेशी सुमारे १२० दिवस टिकतात, म्हणून हिमोग्लोबिन सुरुवातीला चांगलंच दिसतं. ‘हिमोग्लोबिन चौदा आहे, म्हणजे बरंय’ हा निष्कर्ष इथे जीवघेणा ठरू शकतो. ही तातडीची परिस्थिती आहे. गोळी लगेच थांबवून त्याच दिवशी रुग्णालयात जायला हवं. हे ठरवणारी माहिती गोळ्यांच्या पाकिटावर आणि आजींच्या तोंडात आहे, फोटोत ती कुठेच नाही.

तिन्ही घरांचे चार आकडे तेच आहेत. एका ठिकाणी दाखल करायचं, एका ठिकाणी दुसऱ्या नळीत रक्त घ्यायचं आणि एका ठिकाणी औषध थांबवून धावायचं. फोटो पाहून डॉक्टरांनी ‘डेंग्यू वाटतोय’ किंवा ‘काही नाही, व्हायरल आहे’ असं लिहिलं, तर तिघांपैकी दोघांसाठी तरी ते चुकीचं ठरेल. ‘काही नाही’ हेसुद्धा निदानच आहे. त्याने जास्त नुकसान होतं, कारण त्यानंतर माणूस दवाखान्यात जात नाही.

न्यायालय आणि मार्गदर्शक तत्त्वं काय म्हणतात

जुलै २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने रत्नागिरीतल्या एका प्रकरणात डॉक्टर दांपत्याचा अटकपूर्व जामीन नाकारला. सिझेरियननंतर घरी गेलेल्या महिलेला त्रास सुरू झाला. प्रत्यक्ष तपासणी न होता फोनवरून औषध सांगितलं गेलं. नंतर तिला पुन्हा दाखल केलं तेव्हाही डॉक्टर तिथे नव्हते आणि तिचा मृत्यू झाला, असा आरोप होता. निदान न करता औषध लिहून देण्यावर न्यायालयाने कडक शब्दांत बोट ठेवलं. तो जामिनाच्या टप्प्यावरचा आदेश होता, दोष सिद्ध करणारा निकाल नव्हता. तरी त्यानंतर फोनवर काहीही सांगावं की नाही, असा प्रश्न राज्यभरातल्या डॉक्टरांना पडला.

त्याचं सविस्तर उत्तर २५ मार्च २०२० रोजी टेलिमेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांमधून मिळालं. करोनाची देशव्यापी टाळेबंदी सुरू झाली तोच हा दिवस. व्हिडिओ, फोन आणि लेखी संदेश या तिन्ही मार्गांनी सल्ला देण्याला त्यांनी मान्यता दिली, व्हॉट्सॲपसह. म्हणजे रिपोर्ट पाठवणं आणि त्यावर सल्ला मागणं यात काहीही बेकायदा नाही. पण अटी आहेत. मिळालेली माहिती पुरेशी आहे की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं. पुरेशी नसेल तर आणखी माहिती मागायची किंवा प्रत्यक्ष बोलवायचं. तातडीची अवस्था वाटली तर दूरवर उपचार करत न बसता रुग्णालयात पाठवायचं. दूरच्या सल्ल्यात आरोग्यशिक्षण, रुग्णाला उद्देशून दिलेला सल्ला आणि औषध लिहून देणं या वेगळ्या पायऱ्या आहेत, हेही त्यांत स्पष्ट आहे. पीसीव्ही म्हणजे काय हे सांगणं पहिल्या पायरीत येतं. तुमचा पीसीव्ही वाढला आहे, दाखल व्हा, हे दुसऱ्या पायरीत येतं आणि त्यासाठी ‘तुम्ही’ कोण हे कळावं लागतं.

त्याच तत्त्वांमध्ये आणखी एक अट आहे: असा सल्ला निनावी असू नये. रुग्णाला डॉक्टर कोण हे कळलं पाहिजे आणि डॉक्टरांना रुग्णाचं नाव, वय, पत्ता आणि संपर्क विचारण्याचा अधिकार आहे. डॉक्टरांनी आपला नोंदणी क्रमांक संदेशांवर आणि चिठ्ठीवर द्यायचा आहे. रुग्ण लहान मूल असेल तर सोबत मोठं माणूस हवं आणि त्याचीही ओळख पटली पाहिजे.

इथे अनेकांना एक विरोधाभास वाटतो. एकीकडे आम्हीच सांगतो, नाव झाका. दुसरीकडे नियम म्हणतो, ओळख द्या. दोन्ही बरोबर आहे, फक्त प्रसंग वेगळे आहेत. शब्दांचा अर्थ विचारताना नाव झाका. उपचाराचा सल्ला घेताना तुमच्या डॉक्टरांपासून नाव झाकू नका. निनावी रिपोर्टवर दिलेला सल्ला चुकीच्या माणसाला लागू होण्याची भीती असते. एकाच घरात तीन जणांना ताप असतो आणि तिघांचे रिपोर्ट एकाच मोबाइलवर असतात, तेव्हा ही भीती खरी ठरायला वेळ लागत नाही.

फोटोत तुमचं काय काय जातं

रिपोर्टच्या वरच्या पट्ट्यात नाव, वय, लिंग, मोबाइल क्रमांक, पाठवणाऱ्या डॉक्टरांचं नाव, नमुना घेतल्याची तारीख आणि वेळ, लॅबचा क्रमांक हे सगळं असतं. बऱ्याच रिपोर्टवर क्यूआर कोड किंवा बारकोडही असतो. लोक नाव झाकतात आणि कोड तसाच ठेवतात. काही लॅबचा क्यूआर कोड स्कॅन केला की मूळ रिपोर्ट नावासकट उघडतो. काही ठिकाणी लॅबचा क्रमांक आणि मोबाइल क्रमांक टाकला की सगळी पानं डाउनलोड होतात. म्हणजे सीबीसीचा फोटो पाठवताना त्याच दिवशी केलेल्या दुसऱ्या तपासण्याही उघड होऊ शकतात.

असं उघडं पडणं किती त्रासदायक असतं, हे डिसेंबर २०१६ मध्ये दिसलं. मुंबईतल्या एका पॅथॉलॉजी लॅबचे ४३ हजारांहून जास्त रिपोर्ट इंटरनेटवर कोणालाही दिसतील अशा स्थितीत सापडले होते. त्यांत एचआयव्ही तपासणीचे रिपोर्टही नावांसह होते. एचआयव्हीबाबत देशात २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे. एखाद्याची एचआयव्हीस्थिती त्याच्या संमतीशिवाय इतरांना सांगण्यास तो मनाई करतो, मोजके अपवाद वगळता.

वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने आहे. रुग्णालयं, लॅब आणि ॲप यांच्यावरच्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी नियमांनंतर १८ महिन्यांची मुदत आहे. माहिती सुरक्षित ठेवण्यासाठी पुरेशी काळजी घेतली नाही, तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

पण या कायद्याची एक मर्यादा समजून घ्या. एखादी व्यक्ती स्वतःच्या किंवा घरगुती कारणासाठी माहिती वापरत असेल, तर तो कायदा तिला लागू नाही. लॅबने तुमचा रिपोर्ट फोडला तर कायदा आहे. मामेभावाने तो ‘कुटुंब’ ग्रुपवर टाकला आणि तिथून सोसायटीच्या ग्रुपवर गेला, तर या कायद्याचा फारसा उपयोग नाही. तिथे तुमची काळजी तुम्हालाच घ्यावी लागते. लग्न ठरत असलेल्या मुलीचा रिपोर्ट, नोकरी लागत असलेल्या मुलाचा रिपोर्ट, गरोदरपणाची तपासणी, हे सगळं त्या व्यक्तीला विचारूनच पुढे पाठवावं. आईवडील असलात तरी मूल सज्ञान असेल तर आधी त्याला विचारा.

काय झाकायचं, काय नाही

तुम्हाला फक्त अर्थ समजून घ्यायचा असेल, नात्यातल्या कोणाला किंवा ओळखीच्या डॉक्टरांना सहज विचारायचं असेल, तर नाव, मोबाइल, पत्ता, लॅबचा क्रमांक, क्यूआर कोड आणि बारकोड झाका. वय, लिंग, नमुन्याची तारीख-वेळ, एककं, शेजारच्या सर्वसाधारण मर्यादा आणि तळाचा शेरा मात्र झाकू नका. लिंग माहीत नसेल तर हिमोग्लोबिन १२.५ हे बाईसाठी ठीक आणि पुरुषासाठी कमी असतं, हे कसं सांगायचं? तारीख नसेल तर रिपोर्ट आजचा की मागच्या वर्षीचा, हे कसं कळायचं?

झाकताना मोबाइलमधला हायलाइटर वापरू नका, तो अर्धपारदर्शक असतो आणि उजेड वाढवला की खालचं वाचता येतं. त्यापेक्षा रिपोर्ट प्रिंट केलेला असेल तर त्यावर कागदाची पट्टी ठेवून फोटो काढा. हा सगळ्यात सोपा आणि पक्का उपाय आहे.

तुमच्या उपचार करणाऱ्या डॉक्टरांना मात्र लॅबकडून आलेली मूळ पीडीएफ पाठवा, काहीही न कापता. फोटोत पान वाकतं, दशांशचिन्ह पुसट होतं, १.०२ चं १०.२ वाचलं जाऊ शकतं. पीडीएफमध्ये सगळी पानं, शेरा आणि सहीही असते. सही बघायला हवी, कारण प्रयोगशाळेच्या रिपोर्टवर पॅथॉलॉजीतलं पदव्युत्तर शिक्षण असलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांची सही असावी, असा सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१७ चा निर्णय आहे. एकदा पाहून नाहीसा होणारा संदेश इथे कामाचा नाही. डॉक्टरांना सल्ल्याची नोंद ठेवावी लागते आणि उद्याच्या रिपोर्टशी आजचा ताडून पाहावा लागतो. पाठवण्याआधी क्रमांक पुन्हा एकदा तपासा. ‘डॉ.’ने सुरू होणारी पाच नावं मोबाइलमध्ये असतात आणि चुकीच्या माणसाला रिपोर्ट जाणं हा गोपनीयता जाण्याचा सगळ्यात साधा मार्ग आहे.

रिपोर्टसोबत कोणत्या ओळी लिहाव्यात

पहिल्या घरातल्या बाईंच्या मुलाने फोटोऐवजी असा संदेश पाठवला असता तर:

‘नमस्कार डॉक्टर. आईचा रिपोर्ट पाठवतोय, वय ४०. ताप सोमवारी सकाळी सुरू झाला, आज शुक्रवार, सकाळपासून ताप नाही. पोट दुखतंय, चार उलट्या झाल्या, दुपारी बारापासून लघवी नाही. बुधवारचा रिपोर्टही जोडलाय. बीपी, शुगर नाही. फक्त पॅरासिटामॉल चालू आहे. दवाखान्यात आणू का?’

हे लिहायला दोन मिनिटं लागतात. यात रुग्ण कोण, वय किती, त्रास कधीपासून, आता काय होतंय, जुना रिपोर्ट, आधीचे आजार, चालू औषधं आणि नेमका प्रश्न, सगळं आहे. बाई गरोदर असेल तर तेही पहिल्याच ओळीत लिहावं. यावर डॉक्टर क्षणात सांगू शकतात: ‘वाट पाहू नका, आत्ता दाखल करा.’ तेही निदान नाही. कुठे जायचं आणि किती लवकर जायचं याचा तो निर्णय आहे. दूरवरून रिपोर्ट पाहताना मिळणारं सगळ्यात उपयोगी उत्तर हेच असतं.

आणि नुसता फोटो आला तर? तेव्हा माझ्या मते जबाबदार उत्तर साधारण असं असतं: ‘यात प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी लॅबच्या मर्यादेपेक्षा कमी आहेत. याची कारणं अनेक असतात, आकड्यांवरून कारण सांगता येत नाही. रुग्णाचं वय, त्रास, औषधं आणि आधीचा रिपोर्ट कळवा. पोटदुखी, उलट्या, रक्तस्राव, सुस्ती, धाप किंवा लघवी कमी असेल तर उत्तराची वाट न पाहता रुग्णालयात जा.’ असं उत्तर आलं तर डॉक्टर टाळत आहेत असं समजू नका. त्यांनी शब्दांचा अर्थ सांगितला, जे माहीत नाही त्याचा अंदाज बांधला नाही आणि धोका असेल तर काय करायचं हेही सांगितलं.

उलट ज्या उत्तराने सावध व्हावं ते म्हणजे नाव, वय, त्रास काहीही न विचारता आलेलं औषधाचं नाव. ते ओळखीच्या डॉक्टरांकडून आलं तरी गोळी आणण्याआधी विचारा: रुग्ण कोण आहे हे तुम्हाला कळलं का?

रात्री रिपोर्ट आला, डॉक्टरांचं उत्तर नाही आणि वर सांगितलेल्या धोक्याच्या लक्षणांपैकी एकही आहे, तर मोबाइलकडे बघत बसू नका. जवळच्या रुग्णालयात जा किंवा १०८ वर रुग्णवाहिका बोलवा. जाताना आजचा आणि आधीचा असे दोन्ही रिपोर्ट, औषधांची पाकिटं आणि ताप सुरू झाल्याची तारीख लिहिलेला कागद सोबत घ्या.